शिरोरेषा: शिशाची आणि पडद्यावरची

अकोल्यातल्या आमच्या छापखान्यात कामाची एक वाटणी ठरलेली होती. शुद्धलेखन तपासायचं माझ्याकडे आणि शिरोरेषा तपासायची फोरमन काकांकडे. काका मजकूर वाचतच नसत. ओलं प्रूफ हातभर लांब धरायचे, डोळे बारीक करायचे आणि प्रत्येक ओळीच्या माथ्यावरून नजर फिरवायचे. रेषा कुठं तुटली, कुठं फिकी झाली, कुठं वर उचलली गेली, एवढंच पाहायचे. मग आतल्या बाजूला हाक जायची, "पाचवी ओळ, तिसरा शब्द. खिळा बदलव रे!"

शिशाच्या खिळ्यांत शिरोरेषा अशी सलग वस्तू नव्हतीच. प्रत्येक खिळ्याच्या माथ्यावर तिचा आपापला तुकडा असायचा आणि खिळे शेजारी शेजारी बसले की शब्दाची रेषा तयार व्हायची. खिळ्याचा कोपरा झिजला की दोन तुकड्यांमध्ये पांढरी फट दिसायची. रफार, वेलांटी, मात्रा यांचं दुखणं वेगळं. त्यांचा काही भाग खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबत असायचा, त्याला खालून आधार नसायचा, त्यामुळे तो आधी तुटायचा. 'बार्शीटाकळी' आणि 'मोर्शी' ही दोन गावं आमच्या कंपोझिटरांना म्हणूनच नकोशी वाटायची. 'शी'वर दीर्घ वेलांटी आणि तिच्या डोक्यावर रफार. एका प्रूफला वेलांटी गेलेली, तर दुसऱ्याला रफार.

पण एकदा रेषा जुळली की जुळली. फर्मा आवळला, यंत्रावर चढवला, की पहिल्या प्रतीवर जी रेषा, तीच शेवटच्या प्रतीवर. वाचणारा अमरावतीचा असो की अकोटचा, त्याच्या हातात तेच अक्षर जायचं.

१९९०च्या दशकात खिळ्यांच्या केसी भंगारात गेल्या आणि त्या जागी संगणक आले. चौदा इंची, पाठीमागे भलंमोठं पोट असलेले मॉनिटर, पेजमेकर, आणि त्यात श्रीलिपी किंवा आकृतीचे फॉण्ट. अकोल्याच्या मे महिन्यात त्या मॉनिटरची ऊब नकोशी व्हायची. कूलर लावला तर ट्रेसिंग पेपर उडायचे, आणि भारनियमनाची वेळ झाली की अर्धं पान तसंच राहायचं. अमरावतीच्या गिऱ्हाइकाचं प्रूफ लिफाफ्यात घालून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचं, मूर्तिजापूर, बडनेरा करत ते संध्याकाळपर्यंत पोचायचं.

त्या पडद्यावर देवनागरी कशी दिसायची? वाईट. पण त्याचं कुणाला काही वाटत नसे, आणि त्यामागं साधा हिशेब होता. बारा पॉइंटचं अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग. लेझर प्रिंटर इंचाला ३०० ठिपके टाकायचा, म्हणजे त्या अक्षराच्या उंचीला ५० ठिपके मिळायचे. पुढं ६०० ठिपक्यांचे प्रिंटर आले तेव्हा १०० मिळू लागले. पडद्यावर विंडोज इंचाला ९६ ठिपके धरून चालतं, म्हणजे त्याच अक्षराच्या वाट्याला फक्त १६. सोळा ठिपक्यांत रफार, वेलांटी, शिरोरेषा, अक्षराचं पोट आणि खालचा उकार बसवायचा. त्यामुळे पडदा फक्त मांडणीसाठी, आणि खरं अक्षर ट्रेसिंगवर, हा आमचा नियमच झाला होता. पडद्यावर शिरोरेषेत फटी दिसल्या तर ऑपरेटर म्हणायचा, "ते स्क्रीनवरच तसं दिसते. प्रिंटमंधी बरोबर येते." आणि यायचंही. फोरमन काकांची नजर आता ट्रेसिंगवर फिरायची, हातात भिंग घेऊन.

शिवाय त्या जुन्या काचेच्या नळीत एक गुण होता. इलेक्ट्रॉनच्या झोताचा ठिपका कडेला थोडा विरघळलेला असायचा. अक्षर आपोआपच मऊ व्हायचं, पायऱ्या कमी टोचायच्या. चपटे एलसीडी पडदे आले तसा तो मऊपणा गेला. आता पडद्यावर पक्क्या चौकटी आल्या, त्यांना आपण पिक्सेल म्हणतो. चौकट भरली तर भरली, नाहीतर रिकामी. अक्षराच्या कडा करवतीसारख्या दिसू लागल्या आणि त्यावर उपाय म्हणून क्लिअरटाइप आलं. मायक्रोसॉफ्टनं १९९८ साली ते जाहीर केलं आणि २००१च्या विंडोज एक्सपीत ते सगळ्यांच्या संगणकावर पोचलं. त्याच सुमारास युनिकोड मराठी आमच्याकडे रुजू लागली. तिचा चेहरा म्हणजे विंडोज २०००पासून मिळणारा 'मंगल' हा फॉण्ट, सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा.

क्लिअरटाइप काय करतं ते समजलं की आजच्या निम्म्या तक्रारी उलगडतात. एलसीडीच्या एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. क्लिअरटाइप त्यांना तीन स्वतंत्र ठिपक्यांसारखं वापरतं. त्यामुळे आडव्या दिशेनं जणू तिप्पट बारकाई मिळते आणि उभी रेघ पिक्सेलच्या एक तृतीयांश अंतरापर्यंत अचूक बसवता येते. रोमन लिपीत वाचनाचा भार उभ्या दांड्यांवर असतो, तिला याचा भरपूर फायदा झाला. देवनागरीत काना आणि अक्षराचा दंड सुधारला. शिरोरेषा मात्र आडवी. तिला उभ्या दिशेनं बारकाई हवी, आणि तीन पट्ट्यांची युक्ती त्या दिशेनं काहीच देत नाही. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये तर उभ्या दिशेनं मऊपणा मुळीच नसायचा, म्हणून वेलांटीची कमान पायऱ्यापायऱ्यांची दिसायची. २००९च्या विंडोज ७ बरोबर डायरेक्टराइट आलं, त्यात उभ्या दिशेचा मऊपणा मिळाला.

त्या मऊपणालाही किंमत आहे. समजा, हिशेबानं शिरोरेषेची जाडी १.४ पिक्सेल भरली. मग एक ओळ पूर्ण काळी आणि तिच्याखाली किंवा वर दुसरी ओळ फिकी राखाडी. शब्दाच्या डोक्यावर धूर बसल्यासारखा. हे टाळायला फॉण्टमध्ये सूचना असतात, त्यांना हिंटिंग म्हणतात. या आकाराला रेषा एकच पिक्सेल ठेव, अमुक ओळीवरच ठेव, असं त्या सांगतात. ज्या फॉण्टमध्ये हे काम मन लावून केलेलं असतं, त्याची शिरोरेषा लहान आकारातही स्वच्छ राहते. ते काम नसेल तर शिरोरेषेला स्वच्छ व्हायचा एकच मार्ग उरतो: जास्त पिक्सेल.

हे सगळं गेल्या उन्हाळ्यात कामी आलं. माझी भाची अमरावतीत राजापेठेत राहते, घरूनच मराठी पुस्तकांची मांडणी आणि प्रूफं करते. चौदा इंची लॅपटॉपवर मान मोडून घेण्यापेक्षा बरं, म्हणून तिनं सत्तावीस इंची मॉनिटर घेतला. जोडला आणि मला फोन केला. "मामा, लहान्या स्क्रीनवर अक्षर कसं खणखणीत दिसते, अन् ह्या मोठ्यावर सारं धुरकटून गेलं. बडनेरा लिहिलं तं वडनेरा वाटून राहिलं."

तिचं गाऱ्हाणं अगदी नेमकं होतं. 'ब' आणि 'व' यांत फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. तसंच 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प'. पिक्सेल कमी पडले की आधी ह्याच खुणा जातात, आणि प्रूफ वाचणाऱ्याचं तर सगळं काम ह्याच खुणांवर.

मी गेलो तेव्हा आधी मॉनिटरचा खोका पाहिला. १९२० बाय १०८० पिक्सेल. लॅपटॉपचेही तेवढेच. म्हणजे पडदा मोठा झाला होता, चौकटींची संख्या तीच राहिली होती. चौदा इंचात त्या बसवल्या तर इंचाला सुमारे १५७ पडतात, सत्तावीस इंचात पसरवल्या तर सुमारे ८२. मग `Settings`मध्ये `Display` उघडलं. लॅपटॉपच्या पडद्याला `Scale` १५० टक्के होतं, नव्या मॉनिटरला १००. इथं अकरा पॉइंटच्या अक्षराचा हिशेब करून पाहावा. १०० टक्क्यांना त्याला साधारण १५ पिक्सेल मिळतात, १२५ला १८, १५०ला २२. यातला शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा भाग अंदाजे तीन पंचमांश. म्हणजे मोठ्या मॉनिटरवर 'ब'ला नऊ ओळी मिळत होत्या आणि लॅपटॉपवर तेरा. नऊतली एक शिरोरेषेनं खाल्ली की पोटातल्या रेघेला जागा कुठून येणार?

बाकी काही हलवायच्या आधी दोन गोष्टी तपासल्या. एक म्हणजे `Display resolution`पुढं `Recommended` लिहिलेलंच आहे ना. एलसीडीवर दुसरं कुठलंही रिझोल्यूशन ठेवलं तर मॉनिटर चित्र ताणतो आणि मग पुढची कुठलीच सुधारणा उपयोगाची राहत नाही. दुसरी गोष्ट मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांमागची, `Sharpness`. नावावरून ते वाढवावंसं वाटतं, पण ते अक्षरांच्या कडांना खोटी चकाकी लावतं. पांढऱ्या पानावर ती कळत नाही. राखाडी पार्श्वभूमीवर काळा शब्द ठेवला की शिरोरेषेच्या वर आणि खाली पांढरट रेघ उमटते. भाचीच्या मॉनिटरवर ती उमटलेली होती. ती नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणला.

मग `Scale` १२५ केलं. 'ब'च्या पोटात रेघ दिसू लागली. १५० केलं तसं अक्षर लॅपटॉपइतकं स्पष्ट झालं, पण तोटाही लगेच दिसला. १५० टक्क्यांना त्या पडद्यावर १२८० बाय ७२० एवढ्याच जागेचं काम मावतं. पुस्तकाचं पूर्ण पान एका नजरेत बसेना. भाचीनं मांडणीसाठी १२५ आणि शेवटच्या प्रूफवाचनासाठी १५० असं ठरवलं.

त्यानंतर क्लिअरटाइप. `Win` आणि `R` दाबून `cttune` लिहिलं की त्याची खिडकी उघडते. दोन पडदे असतील तर ती दोन्ही स्वतंत्रपणे लावायला देते, आणि तसं करावंच, कारण दोन पडद्यांचा पोत एक नसतो. चालू आहे की नाही, हे एका आज्ञेनंही कळतं:

```
reg query "HKCU\Control Panel\Desktop" /v FontSmoothingType
```

उत्तरात `0x2` आलं तर क्लिअरटाइप, `0x1` आलं तर साधा राखाडी मऊपणा. अडचण पुढं आहे. ती खिडकी नमुने दाखवते ते इंग्रजी मजकुराचे. तिथं ठसठशीत दिसणारा नमुना निवडला तर मराठीत 'ष्ट्र', 'द्ध', 'क्ष' यांची पोटं भरून जाऊ शकतात. म्हणून आम्ही शेजारी ब्राउझरमध्ये मराठी ओळ उघडी ठेवली, निवड करायची, ओळ पाहायची, पुन्हा निवड करायची. वर्डमध्ये मात्र हा फरक शोधत बसू नये. २०१३च्या आवृत्तीपासून वर्ड रंगीत पट्ट्यांची युक्ती सोडून राखाडी मऊपणाच वापरतं.

तपासणीची ओळ आम्ही आपल्याच मुलखातून काढली: 'वऱ्हाडातील बार्शीटाकळी, मोर्शी, मूर्तिजापूर, भातकुली, धारणी, बडनेरा.' 'ऱ्हा'मधला अर्धा र, 'र्शी'वरची रफार-वेलांटीची गर्दी, 'र्ति'चा रफार पहिल्या वेलांटीजवळ कसा बसतो ते, 'भ', 'ध', 'ब' यांच्या खुणा, सगळं एका ओळीत आलं. ही ओळ अकरा पॉइंटला न अडखळता वाचता आली तर मॉनिटर मराठीला लागला असं धरायला हरकत नाही. फॉण्ट बदलूनही पाहिला. 'मंगल' आणि विंडोज ८पासून आलेला 'निर्मला यूआय' यांची ओळ वर-खाली ठेवली. तिच्या पडद्यावर निर्मलाची शिरोरेषा जास्त एकसारखी दिसली, म्हणून प्रूफं त्यात वाचायची ठरली. पुस्तकाचा फॉण्ट छपाईला जाताना वेगळा असतोच.

फोरमन काकांची फट मला इथंही भेटली. काही फॉण्टांत, काही आकारांना, शिरोरेषेवर दोन अक्षरांच्या सांध्याशी फिकट ठिपका दिसतो. याचं कारण अंकगणितात आहे. अक्षराची कड पिक्सेलच्या मधोमध आली तर पहिलं अक्षर ती चौकट अर्धी काळी करतं. दुसरं अक्षर उरलेल्या अर्ध्याला पूर्ण काळं करत नाही, जे पांढरं उरलंय त्याच्या अर्ध्यालाच करतं. बेरीज पाऊणशे टक्के होते आणि पाव भाग उजेड शिल्लक राहतो. जाणता फॉण्टकार शिरोरेषा अक्षराच्या रुंदीबाहेर किंचित पुढं काढतो, म्हणजे दोन तुकडे एकमेकांवर चढतात आणि सांधा झाकला जातो. हा ठिपका दिसला तर सेटिंगशी झगडू नये. आकार थोडा बदलावा, नाहीतर फॉण्ट.

एक दुखणं उरलं होतं. मांडणीचा जुना प्रोग्रॅम लॅपटॉपवर ठीक दिसायचा, मोठ्या पडद्यावर ओढला की सगळाच पुसट व्हायचा, अक्षरंही आणि बटणंही. असे प्रोग्रॅम लॉगिनच्या वेळी मुख्य पडद्याचं स्केलिंग काय आहे तेवढं विचारून घेतात आणि त्याच मापानं चित्र काढतात. दुसऱ्या पडद्याचं माप वेगळं असलं की विंडोज ते तयार चित्र ताणतं किंवा आकुंचित करतं. क्लिअरटाइप कितीही सुधारलं तरी ताणलेल्या चित्राला त्याचा उपयोग नाही. ओळखायची खूण सोपी आहे: एकच प्रोग्रॅम पुसट आणि शेजारचा ब्राउझर स्वच्छ, तर दोष ताणण्याचा. आम्ही मोठा मॉनिटर मुख्य केला, साइन आउट करून पुन्हा साइन इन केलं, आणि प्रोग्रॅम तिथं स्वच्छ उघडला. तेवढ्यानं भागलं नसतं तर त्या प्रोग्रॅमच्या `Properties`मध्ये `Compatibility`खाली `Change high DPI settings` आहे. तिथं `Application` निवडलं की विंडोज ताणणं सोडून देतं. मग अक्षर स्वच्छ होतं, पण बटणं बारीक होऊ शकतात.

काकांचं भिंग आता माझ्याकडे आहे. ते मॉनिटरवर धरलं तेव्हा भाचीनं पहिल्यांदा त्या तीन पट्ट्या पाहिल्या, डावीकडे लाल, उजवीकडे निळी. पट्ट्यांचा क्रम उलटा असेल किंवा मॉनिटर पानासारखा उभा फिरवला असेल, तर क्लिअरटाइपचा हिशेब चुकतो आणि अक्षरांना रंगीत कडा येतात. गंमत अशी की उभ्या फिरवलेल्या पडद्यात पट्ट्या एकावर एक येतात, म्हणजे नेमकी शिरोरेषेला हवी तीच बारकाई मिळण्याजोगी असते. विंडोज तिचा उपयोग करत नाही. लिनक्सच्या फॉण्टकॉन्फिगमध्ये मात्र त्यासाठी `vrgb` अशी सोय आहे, ती मानणाऱ्या प्रोग्रॅमांना तरी तिचा फायदा होतो.

आणि मर्यादाही सांगायला हवी. इंचाला ८२ चौकटी असलेल्या पडद्याला कुठल्याही सेटिंगनं १५७ करता येत नाही. मोठं अक्षर लांबून वाचायचं, एवढाच त्यावर इलाज. त्याच सत्तावीस इंचात ३८४० बाय २१६० पिक्सेलचा मॉनिटर असता तर इंचाला १६३ पडल्या असत्या. तिथं १५० टक्क्यांना अकरा पॉइंटला २२ पिक्सेल मिळाले असते आणि २५६० बाय १४४० एवढी जागाही उरली असती. मराठी वाचायचं असेल तर मॉनिटर घेताना इंच विचारण्याआधी इंचातले पिक्सेल विचारावेत. रोमन अक्षर नऊ ओळींत निभावून नेतं, आपलं नेत नाही.

जुन्या दिवसांची ओढ मला आहे, पण ती शिशाच्या धुळीची किंवा हरवलेल्या लिफाफ्यांची नाही. अकोल्याहून अमरावतीला दिवसानं पोचणारं प्रूफ आज निमिषात पोचतं, याचा आनंदच आहे. चुकल्यासारखं वाटतं ते एवढंच, की तेव्हा रेषा एका माणसानं एका जागी जुळवली की सगळ्यांची जुळायची. आज भाचीनं तिच्या पडद्यावर जुळवलेली शिरोरेषा अकोटच्या वाचकाच्या पडद्यावर पुन्हा नव्यानं मोजली जाते, त्याच्या स्केलिंगनं, त्याच्या फॉण्टनं, त्याच्या पिक्सेलनं. ट्रेसिंग पेपर गेला आणि पडदाच छापील पान झाला. त्यामुळे फोरमनचं काम संपलं नाही, ते प्रत्येक वाचणाऱ्याच्या टेबलावर जाऊन बसलंय. ते दहा मिनिटांत उरकणारं आहे. मात्र करणाऱ्यानं इंग्रजी नमुना बाजूला ठेवून मराठी ओळ लांब धरून पाहायला हवी.